लोक बघायला येतात, पण घर घेत नाहीत: भाड्याच्या फ्लॅटची जाहिरात दुरुस्त करताना

प्रश्न: कोथरूडमधला आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. जाहिरात टाकून महिना होत आला. फोन येतात, लोक बघायलाही येतात, पण 'कळवतो' म्हणून जातात ते परत येत नाहीत. जाहिरात अशी आहे: 'कोथरूडच्या प्राइम लोकेशनमध्ये प्रशस्त, हवेशीर, लक्झरियस 2 बीएचके. 950 स्क्वेअर फूट. सेमी फर्निश्ड. मेट्रो हाकेच्या अंतरावर. 24 तास पाणी. पार्किंग उपलब्ध. भाडे वाजवी. फक्त चांगल्या फॅमिलीसाठी.' यात काय बदलू म्हणजे खरंही राहील आणि लोकांना आवडेलही?

उत्तर:

फोनच आले नसते तर मी आधी भाडं आणि फोटो तपासायला सांगितलं असतं. तुमच्याकडे माणसं दारापर्यंत येतात आणि घर बघून मागे फिरतात. म्हणजे जाहिरात वाचून त्यांनी मनात एक घर उभं केलेलं असतं आणि दार उघडल्यावर दिसतं दुसरंच. कदाचित दिसणारं घर चांगलंही असेल, पण ज्याची अपेक्षा होती ते नसल्यामुळे ते उणं वाटतं. शिवाय ज्या गोष्टीवर माणूस हो किंवा नाही ठरवतो ती त्याला घरी आल्यावर कळते. त्यामुळे त्याचीही संध्याकाळ जाते आणि तुमचीही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. भाडं आसपासच्या तशाच घरांपेक्षा दोन-तीन हजारांनी जास्त असेल, किंवा भिंतीला ओल असेल, तर शब्द बदलून काही होणार नाही. म्हणून गेल्या महिन्यात येऊन गेलेल्यांपैकी तिघा-चौघांना फोन करा. 'घर का नाही घेतलं' असं विचारू नका, समोरचा अवघडतो आणि काहीतरी गोड बोलून मोकळा होतो. 'जाहिरातीवरून तुम्हाला काय वाटलं होतं आणि इथे काय वेगळं दिसलं' असं विचारा. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर दुरुस्ती तिथून सुरू करायची.

मी पुण्यात भाड्याच्या घरांचं काम करते. जाहिरात हातात आली की मी त्यातलं प्रत्येक विशेषण खोडते आणि त्या जागी घर बघायला आलेल्या माणसाला स्वतः पडताळता येईल अशी गोष्ट लिहिते. 'प्रशस्त' आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, '12 बाय 10ची बेडरूम' यावर होत नाही. तुमची जाहिरात याच पद्धतीने घेऊ. तुमचं घर मी पाहिलेलं नाही, त्यामुळे खालचे आकडे नमुन्याचे आहेत. त्या जागी तुमचे स्वतः मोजून घाला.

सुरुवात 950 स्क्वेअर फुटांपासून करू, कारण सगळ्यात मोठा अपेक्षाभंग मला इथे दिसतो. हा आकडा बहुधा खरेदीच्या वेळी बिल्डरने सांगितलेला असेल. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरलेला असतो. जुन्या इमारतींत तर हा आकडा वर्षानुवर्षं तोंडीच चालत आलेला असतो. 2016च्या रेरा कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या ठरवून दिली: घराच्या आतली वापरता येणारी जागा, आतल्या भिंतींसकट. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. तो कायदा विक्रीसाठी आहे, भाड्याच्या जाहिरातीला लागू नाही, पण व्याख्या सरळ आहे आणि हल्ली घर शोधणाऱ्यांना ती माहीत असते. 950 वाचून आलेल्या माणसाच्या डोक्यात 950 कार्पेट असतं.

टेप घ्या आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा. समजा हॉल 17 बाय 10 भरला, किचन 9 बाय 8, एक बेडरूम 12 बाय 10, दुसरी 11 बाय 10, दोन्ही बाथरूम 7 बाय 4 आणि मधला पॅसेज 12 बाय साडेतीन. बेरीज होते 570. आतल्या भिंतींची जाडी धरली की कार्पेट सहाशेच्या आसपास येतं. कोथरूडच्या जुन्या सोसायटीतल्या 2 बीएचकेला सहाशे कार्पेट यात काही कमीपणा नाही, पण 950 वाचून आलेल्याला तेच घर तिसरा हिस्सा कापल्यासारखं वाटतं. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे एकूण आकड्यापेक्षा खोल्यांची मापं भाडेकरूच्या जास्त उपयोगाची असतात. त्याच्याकडे साडेसहा बाय पाचचा पलंग आणि कपाट असतं. 11 बाय 10च्या खोलीत दोन्ही मावतील का, हे तो घरबसल्या ठरवू शकतो. किचनमध्ये फ्रिजसाठी सोडलेली जागा किती रुंद आहे तेही मोजून लिहा. फ्रिज हॉलमध्ये ठेवावा लागणार असेल तर ते आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

'मेट्रो हाकेच्या अंतरावर' याचंही तसंच. वनाझपासून पौड रस्त्याने मेट्रो आली तेव्हापासून कोथरूडच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत हे वाक्य असतं, त्यामुळे ते कुणी वाचतही नाही. नकाशावरची सरळ रेघ धरू नका. सोसायटीच्या फाटकातून निघा आणि स्टेशनच्या जिन्यापर्यंत आपल्या नेहमीच्या चालीने चालत जा. तेही सकाळी नऊच्या गर्दीत, कारण भाडेकरू तेव्हाच जाणार आहे. 'आनंदनगर मेट्रो स्टेशन चालत 9 मिनिटं' हे वाक्य 'हाकेच्या अंतरावर'पेक्षा जास्त ओढून घेतं, कारण त्यात कुणीतरी चालून बघितल्याचं दिसतं. चढ असेल, वाटेत फुटपाथ नसेल, तर तेही एका शब्दात येऊ द्या. 'प्राइम लोकेशन' काढून जवळची ओळखीची खूण द्या. इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर मात्र जाहिरातीत देऊ नका. घर रिकामं आहे हे सगळ्यांना कळायचं कारण नाही.

आता पाणी. पुण्यात घर शोधणारा माणूस भाड्याच्या खालोखाल पाण्याचं विचारतो, आणि '24 तास पाणी' या तीन शब्दांवर त्याचा विश्वास नसतो. बहुतेक सोसायट्यांत महापालिकेचं पाणी ठरावीक वेळेला खालच्या टाकीत येतं, मोटरने वर चढतं आणि वरच्या टाकीतून दिवसभर नळाला मिळतं. तुमच्या दृष्टीने हे 24 तास पाणीच आहे, त्यामुळे तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. पण ज्याने आधीच्या घरात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहिली आहे त्याला चार गोष्टी हव्या असतात. पालिकेचं पाणी किती वाजता येतं, बोअरचं पाणी कुठल्या नळांना आहे, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, आणि मागवले तर त्याचे पैसे कोण देतं. दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं जातं तेव्हा वरच्या टाकीतलं दिवसभर पुरतं का, हे वॉचमनला विचारा. सोसायटीच्या सचिवापेक्षा त्याला ते नेमकं माहीत असतं. उत्तर मिळेल तसं लिहा. 'मे महिन्यात आठवड्यातून एखादा टँकर लागतो, खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला' हे वाक्य वाचून कुणी पळून जात नाही. उलट त्यानंतरच्या सगळ्या वाक्यांवर त्याचा भरवसा बसतो.

पैशांच्या बाबतीत तुम्ही एकही आकडा दिलेला नाही आणि तिथे सगळ्यात जास्त फोन वाया जातात. 'वाजवी' वाचून 20 हजारवाला फोन करतो आणि 35 हजारवालाही. भाडं सरळ लिहा. घासाघीस होईल या भीतीने आकडा झाकला तरी ती व्हायची ती होतेच, फक्त फोनवर होते. भाड्याबरोबर मेंटेनन्स त्यात आहे की वेगळा, डिपॉझिट किती, ब्रोकरेज आहे का, हेही एकाच जागी असू द्या. भाडेकरू मनात दोन बेरजा करतो: दर महिन्याला खिशातून किती जाणार आणि पहिल्या दिवशी एकदम किती मोजावे लागणार. त्या दोन्ही त्याला जाहिरातीवरून करता आल्या पाहिजेत.

यात दोन गोष्टी मालकांच्या लक्षात राहत नाहीत. पहिली, घरात भाडेकरू असला की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. महाराष्ट्रात त्याची मर्यादा सेवाशुल्काच्या 10 टक्के आहे. तो बोजा मालकाचा. करार होताना तो अचानक भाडेकरूच्या गळ्यात घातला की ठरलेलं मोडतं, म्हणून कोण भरणार ते आधीच ठरवा. दुसरी, करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. खर्च मात्र आपसात वाटता येतो. 28 हजार भाडं, 75 हजार डिपॉझिट आणि 11 महिन्यांचा करार धरला तर मुद्रांक आणि नोंदणी मिळून दोन हजारांच्या आसपास जातात, एजंट घरी येऊन करणार असेल तर त्याचं वेगळं. 'कराराचा खर्च निम्मा-निम्मा' एवढे शब्द जाहिरातीत असले की करार नोंदवून होणार हेही कळतं. ज्यांना कंपनीकडून घरभाडं मिळतं किंवा गॅसजोडणीसाठी, पत्त्याच्या पुराव्यासाठी करार लागतो त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

'सेमी फर्निश्ड'चा अर्थ प्रत्येक घरात वेगळा असतो. कुणाच्या घरी त्यात एसी आणि सोफा येतो, कुणाच्या घरी फक्त पंखे. त्याऐवजी घरात काय राहणार आहे त्याची नावं लिहा आणि लोकांना असेल असं वाटतं पण नाही, त्याचीही. दोन्ही बेडरूममध्ये भिंतीतली कपाटं, किचनला ट्रॉल्या, दोन गीझर, पाच पंखे, पाइप गॅस. फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन नाही, पण ड्राय बाल्कनीत मशीनचा नळ आणि पॉइंट आहे. या 'नाही'च्या ओळीमुळे ज्याच्याकडे स्वतःचं सामान आहे तो खूश होतो, त्याला रिकामी जागाच हवी असते. वस्तू चालू आहेत का ते आजच तपासा. गीझर लिहिला आणि बघायला आलेल्याने बटण दाबल्यावर दिवाच लागला नाही, तर बाकी सगळ्याबद्दल शंका येते. पाइप गॅसचंही तसंच, जोडणी चालू आहे की फक्त पाइप भिंतीवर आलेला आहे, दोन्हींत फरक आहे.

'पार्किंग उपलब्ध'मध्ये कधी कधी एवढाच अर्थ असतो की सोसायटीच्या बाहेर रस्त्यावर जागा मिळते. तुमची जागा सोसायटीने तुमच्या नावावर दिलेली आहे का, इमारतीखाली आहे की उघड्यावर, हे लिहा. दोन खांबांमधली रुंदी मोजा. जुन्या इमारतींच्या पार्किंगमध्ये छोटी गाडी आरामात जाते आणि मोठी गाडी गेली तरी दार उघडत नाही. 'लहान किंवा मध्यम गाडीसाठी' असं लिहिलंत तर मोठी गाडीवाले आपोआप गळतील. तसेही ते गाडी लावून बघितल्यावर गळणारच आहेत.

आता जे तुम्ही लिहिलेलं नाही त्याबद्दल, कारण माझ्या मते जाहिरातीचा खरा कस तिथे लागतो. प्रत्येक घराला एखादी खोट असते. लिफ्ट नसेल, एक बेडरूम शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडत असेल, रस्त्याचा आवाज येत असेल, दुपारनंतर हॉल तापत असेल. तुमच्याकडे 'कळवतो' म्हणणाऱ्यांना बहुधा हेच दिसतं आणि तोंडावर बोलायचा संकोच होतो. ती खोट जाहिरातीत एका साध्या वाक्यात लिहा. त्याच्यापुढे 'पण' लावून लगेच सारवासारव करू नका आणि माफीचा सूरही नको. 'तिसरा मजला, लिफ्ट नाही' हे वाक्य वाचून ज्याच्या घरी गुडघे दुखणारी आई आहे तो फोन करणार नाही, आणि त्याने करूही नये. जो येईल तो तीन जिने चढायची तयारी ठेवून येईल. त्याच्या दृष्टीने तो मुद्दा संपलेला असतो आणि भाडं पाडून मागायला तो त्याचा वापर करत नाही.

मी हाताळलेल्या एका घराची बेडरूम इतकी अंधारी होती की दुपारीही दिवा लावावा लागे. आधीच्या जाहिरातीत 'भरपूर उजेड' लिहिलेलं होतं, हॉलपुरतं ते खरंही होतं. आम्ही लिहिलं: 'हॉल आणि किचनला पूर्वेचा उजेड. मागची बेडरूम अंधारी आणि शांत, खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत.' रात्रपाळी करणाऱ्या एका जोडप्याने ते घर त्याच खोलीसाठी घेतलं, त्यांना दिवसा झोपायला काळोख हवा होता. दरवेळी असा योग जुळून येतो असं नाही. पण खोट लपवली तर तो जुळायची शक्यताच राहत नाही. तुमच्या 'हवेशीर'च्या जागीही हेच करा: कुठल्या खोलीला किती खिडक्या, कुठल्या दिशेला, समोर काय. समोरासमोर खिडक्या असतील तर तेवढंच लिहा, वारा खेळतो की नाही ते वाचणाऱ्याला कळतं.

'लक्झरियस'च्या जागी काही लिहायचं नाही, तो शब्द नुसता काढून टाका.

'फक्त चांगल्या फॅमिलीसाठी' हे वाक्य मी तरी ठेवणार नाही. चांगली म्हणजे कशी हे वाचणाऱ्याला कळत नाही, आणि ज्याला याआधी आडनावावरून किंवा धर्मावरून घर नाकारलं गेलं आहे तो ते वाचून दुखावतो. जात, धर्म, खाणंपिणं यांच्या अटी मी जाहिरातीत घालत नाही. तशी अट घालायला सांगणाऱ्या मालकांचं काम मी घेत नाही. तुमची खरी काळजी कदाचित वेगळीच असेल: भाडं वेळेवर यावं, गर्दी होऊ नये, भिंती खराब होऊ नयेत. मग तेच लिहा. जास्तीत जास्त किती माणसं, करार किती महिन्यांचा, पुढे वाढवायचा विचार आहे का, पाळीव प्राणी चालतील का. नोकरी करणाऱ्या दोन-तीन मैत्रिणी किंवा मित्र चालणार असतील तर तसं स्पष्ट लिहा, कारण 'फॅमिली' वाचून ते फोनच करत नाहीत आणि तुमचे चांगले भाडेकरू तिथेच हुकतात.

हे सगळं धरून जाहिरात साधारण अशी होईल:

'कोथरूड, आनंदनगर मेट्रो स्टेशनपासून चालत 9 मिनिटं. 2 बीएचके, कार्पेट सुमारे 600 स्क्वेअर फूट. तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाडं 28,000, मेंटेनन्स त्यातच. डिपॉझिट 75,000. मालकाकडून थेट, ब्रोकरेज नाही. 1 तारखेपासून रिकामा.

हॉल 17 बाय 10, बेडरूम 12 बाय 10 आणि 11 बाय 10, किचन 9 बाय 8, दोन बाथरूम, हॉलला बाल्कनी. हॉल आणि मोठ्या बेडरूमच्या खिडक्या पूर्वेला, समोर झाडं. लहान बेडरूमसमोर शेजारची इमारत, उजेड कमी.

दोन्ही बेडरूममध्ये कपाटं, किचन ट्रॉल्या, 2 गीझर, 5 पंखे, पाइप गॅस चालू. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन नाही. मशीनसाठी नळ आणि पॉइंट आहे.

पालिकेचं पाणी सकाळी येतं, टाकीतून दिवसभर मिळतं. बाथरूमला बोअरचं पाणी. मे महिन्यात टँकर लागतो, खर्च मेंटेनन्समध्ये. इमारतीखाली लहान किंवा मध्यम गाडीची एक जागा आणि एक दुचाकी.

11 महिन्यांचा नोंदणीकृत करार, खर्च निम्मा-निम्मा, पुढे वाढवता येईल. जास्तीत जास्त 4 जण. कुटुंब किंवा नोकरी करणारे चालतील. घर बघायला संध्याकाळी 6 ते 8, शनिवार-रविवार दिवसभर.'

पहिल्या परिच्छेदात काय घेतलं आहे ते बघा. ठिकाण, मजला, पैसे, तारीख. माणूस ज्यावरून घर यादीतून काढतो ते सगळं वर आहे. मोबाइलवर बहुतेक वेळा तेवढंच दिसतं, बाकीचं 'आणखी वाचा'च्या खाली जातं. लिफ्ट नसल्याचं मी मुद्दाम तिथेच ठेवलं आहे. पुढची माहिती घर आवडू लागलेल्या माणसासाठी आहे, म्हणून ती सावकाश, खोलीखोलीने दिली आहे.

फोटो जाहिरातीशी जुळले पाहिजेत, एवढंच त्यांच्याबद्दल सांगते. मोबाइलची वाइड लेन्स वापरू नका, त्यात 10 फुटांची खोली 15ची दिसते आणि मोजून लिहिलेल्या मापांवर पाणी पडतं. लहान बेडरूमचा फोटो दिवा लावून घेतला असेल तर तसं खाली लिहा. बाथरूम आणि पार्किंगचा फोटो हवाच. ते नसले की लोक वाईटच धरून चालतात.

नवी जाहिरात टाकल्यावर फोन कमी झाले तर घाबरू नका, तसं होणं अपेक्षित आहे. लक्ष ठेवायचं ते बघून गेलेल्यांपैकी किती जणांनी दुसरा फोन केला यावर. फोन अगदीच थांबले तर भाडं बघा, कारण आता जाहिरातीत झाकलेलं काही उरलेलं नाही. फोन येतात, पण प्रत्येकजण एकच गोष्ट विचारतो असं झालं तर त्या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत घाला. माझ्या अनुभवात असे प्रश्न बहुतेक वेळा शाळा, दवाखाना आणि इंटरनेटची जोडणी यांबद्दल असतात. त्यांची ओळ मी आधीच घालत नाही, विचारलं गेलं तरच घालते. आणि घर गेलं की त्याच दिवशी जाहिरात काढून टाका, नाहीतर पुढचे दोन महिने फोन येत राहतील.